सव्वाचार वर्षांचा विराम रेझ्युमेत आणि कव्हर लेटरमध्ये कसा मांडावा?

गोदाकाठची

नमस्कार. मी नाशिकची असून माझे शिक्षण उत्पादन अभियांत्रिकीतील आहे. अंबड औद्योगिक वसाहतीत वाहनांचे सुटे भाग तयार करणाऱ्या एका कारखान्याच्या गुणवत्ता विभागात मी जून 2013 पासून काम करत होते. एप्रिल 2019 मध्ये बाळंतपणाच्या रजेवर गेले, रजा संपल्यावर पुन्हा रुजू झाले आणि नोव्हेंबर 2020 मध्ये राजीनामा दिला. सासऱ्यांना अर्धांगवायूचा झटका आला होता, सासूबाईंच्या गुडघ्यांची शस्त्रक्रिया व्हायची होती आणि मुलगी दीड वर्षाची होती. मागच्या वर्षी सासरे गेले, आता मुलगी शाळेत जाऊ लागली आहे, आणि अंबड किंवा सिन्नर भागात गुणवत्ता अभियंता म्हणून पुन्हा काम करण्याची माझी इच्छा आहे.

रेझ्युमेचा मसुदा केला, परंतु एका जागी येऊन अडकले आहे. 2013 ते 2019 नोकरी आणि त्यानंतर थेट आजची तारीख, अशी पोकळी पानावर उघडी दिसते. कव्हर लेटरची सुरुवात मी अशी केली आहे : ‘काही वैयक्तिक अडचणींमुळे मला दुर्दैवाने नोकरी सोडावी लागली, त्याबद्दल मी दिलगीर आहे. तरी मला एक संधी द्यावी, ही नम्र विनंती.’ वाचताना माझे मलाच अवघडल्यासारखे होते. खोटे काही लिहायचे नाही, पण खरे नेमके किती आणि कुठे लिहावे, हे अनुभवी लोकांनी सांगावे. कागदपत्रे इंग्रजीत जाणार आहेत, चर्चेसाठी इथे मराठीत लिहीत आहे.

सिन्नरफाटा

ताई, यावर सोपा उपाय आहे. रेझ्युमेत महिने लिहूच नयेत, फक्त वर्षे लिहावीत. माझा आठ महिन्यांचा खंड होता. ‘2017–2018’ आणि ‘2019 पासून’ असे लिहिल्यावर तो कुणाच्या नजरेलाही आला नाही. शिवाय ‘स्वतंत्र गुणवत्ता सल्लागार, 2020 ते आजपर्यंत’ अशी एक ओळ घातली, तर पोकळीच उरत नाही. सल्लागाराला कोण पुरावा मागतो?

जुना_भरतीवाला

सातपूर आणि अंबड येथील कारखान्यांसाठी मी बावीस वर्षे भरतीचे काम केले असून आता निवृत्त आहे. सिन्नरफाटा यांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. केवळ वर्षे लिहिणे हा खोटेपणा नव्हे, आणि आठ महिन्यांचा खंड त्यात खरोखर झाकला जातो. सव्वाचार वर्षे मात्र त्यात झाकली जात नाहीत. उलट, पूर्वीच्या नोकऱ्यांचे महिने दिलेले आणि शेवटच्या नोकरीचे तेवढे गाळलेले दिसले, की वाचणाऱ्याचे बोट नेमके तिथेच थांबते.

सल्लागाराच्या ओळीबद्दल मात्र स्पष्ट सांगतो. पुरावा मागितला जातो. निवड झाल्यावर पडताळणी करणारी संस्था जुन्या कंपनीचे कार्यमुक्ती पत्र आणि भविष्य निर्वाह निधीच्या खात्यातील सेवेचा तपशील पाहते, आणि सल्लागार असल्याचे लिहिले असेल तर ग्राहकाला दिलेली बिले किंवा करकपातीची नोंद असलेला फॉर्म 26एएस मागते. त्यात काहीच नसेल, तर हातात आलेले नियुक्तीपत्र परत जाते. त्या वेळी विरामाबद्दल कुणाची तक्रार नसते, ओळ खोटी निघाल्याची असते. अशी प्रकरणे मी स्वतः हाताळली आहेत आणि उमेदवार हुशार असूनही काही करता आले नाही.

आता धागाकर्तीसाठी. आपण नोव्हेंबर 2020 पर्यंत नोकरीत होता, तर मसुद्यात 2019 का लिहिले आहे?

गोदाकाठची

रजेवर गेल्यापासून मनाने मी नोकरीबाहेरच होते, असे वाटले. ऑक्टोबर 2019 मध्ये परत रुजू झाले खरी, पण नंतर टाळेबंदीत बरेच दिवस कारखाना बंद होता. त्यामुळे तो काळ ‘काम केले’ म्हणून लिहिणे प्रामाणिकपणाचे होईल का, अशी शंका आली.

जुना_भरतीवाला

हा प्रामाणिकपणा नव्हे, स्वतःच्या हाताने केलेले नुकसान आहे. 2017 च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन अपत्यांसाठी 26 आठवड्यांची पगारी प्रसूती रजा कायद्याने मिळते आणि ती सेवेतच धरली जाते. रजेवरची व्यक्ती नोकरीतच असते. टाळेबंदीतही आपण कंपनीच्या हजेरीपटावर होता. म्हणजे सेवा जून 2013 ते नोव्हेंबर 2020, जवळजवळ साडेसात वर्षांची झाली. आपण दीड वर्षाहून अधिक काळ अकारण विरामात ढकललात, आणि सव्वाचार वर्षांची पोकळी सहा वर्षांची करून ठेवलीत. शिवाय कार्यमुक्ती पत्रावर 2020 असेल आणि रेझ्युमेत 2019, तर पडताळणीत ती विसंगतीच ठरते, भले ती आपल्याच विरुद्ध असो.

अर्ज पाठवण्यापूर्वी एक काम अवश्य करावे. निर्वाह निधीच्या संकेतस्थळावर आपला यूएएन क्रमांक घालून सेवेचा तपशील उघडावा आणि नोकरी सोडल्याची तारीख कार्यमुक्ती पत्राशी जुळते का, ते पाहावे. पुष्कळदा जुनी कंपनी ती तारीख भरतच नाही. तसे असेल तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिने उलटल्यावर सभासदाला ती स्वतः नोंदवता येते. मात्र कंपनीने चुकीची तारीख भरली असेल, तर दुरुस्तीसाठी कंपनीसह संयुक्त घोषणापत्र करावे लागते आणि त्याला वेळ लागतो. ते काम नियुक्तीपत्र हातात आल्यावर सुरू करण्यापेक्षा आजच सुरू केलेले बरे.

अभ्यासिका_कॉलेजरोड

माझाही हाच प्रश्न आहे. पदवीनंतर तीन वर्षे मी राज्यसेवेची तयारी केली, एकदा मुख्य परीक्षेपर्यंत पोहोचलो, पण निवड झाली नाही. आता खासगी नोकरी शोधत आहे. हा काळ शिक्षणात दाखवावा की विरामात? आणि पूर्वपरीक्षेचे गुण लिहावेत का?

जुना_भरतीवाला

आपला प्रश्न थोडा वेगळा आहे, कारण आपली आधीची नोकरी नाही. ‘स्पर्धा परीक्षेची पूर्णवेळ तयारी’ अशी तारखांसह एक ओळ पुरे, मुख्य परीक्षेस पात्र ठरल्याचे त्यातच यावे. गुण लिहू नयेत, खासगी कंपनीत ते कुणाला वाचता येत नाहीत. पुन्हा परीक्षा देणार का, हे मात्र मुलाखतीत हमखास विचारतील. उत्तर आधी स्वतःशी ठरवून ठेवावे. बाकीचे वेगळ्या धाग्यावर बोलू.

मायक्रोमीटर

मी गोंद्याच्या एका कारखान्यात गुणवत्ता विभाग सांभाळतो आणि माझ्या विभागाच्या भरतीत रेझ्युमे माझ्याकडे येतात. भरती विभागाला विराम का घेतला हे जाणून घ्यायचे असते. मला वेगळीच चिंता असते. ही व्यक्ती 2020 मध्ये थांबली, त्यानंतर आमच्या कामात जे बदलले ते तिला ठाऊक आहे का?

एक उदाहरण देतो. आपण ज्या काळात काम केले, त्या काळात नाशिकच्या बहुतेक पुरवठादारांकडे एफएमईए, म्हणजे संभाव्य दोषांचे विश्लेषण, आरपीएन या जोखमीच्या आकड्यावर चालत असे. दोषाची तीव्रता, तो घडण्याची शक्यता आणि तो पकडला न जाण्याची शक्यता, असे तीन आकडे गुणायचे आणि गुणाकार शंभरच्या वर गेला तरच हालचाल करायची, अशी पद्धत पुष्कळ ठिकाणी रूढ होती. 2019 मध्ये अमेरिकेतील एआयएजी आणि जर्मनीतील व्हीडीए या वाहनउद्योगाच्या संघटनांची संयुक्त पुस्तिका आली आणि तिने आरपीएन काढून कृतीचा अग्रक्रम आणला : उच्च, मध्यम, कमी. समजा तीव्रता 9, घडण्याची शक्यता 4 आणि पकडण्याचा आकडा 2 आहे. गुणाकार 72 येतो, म्हणजे जुन्या सवयीने फाइल बंद. नव्या तक्त्यात हीच ओळ ‘उच्च’ येते, कारण तिथे तीव्रतेला आधी मान आहे. पुढे 2024 मध्ये एपीक्यूपी या गुणवत्ता नियोजनाच्या पुस्तिकेची तिसरी आवृत्ती आली आणि कंट्रोल प्लॅनचे पुस्तक वेगळे झाले.

आपण पानभर घरची कहाणी लिहिलीत, तर माझी शंका तशीच राहते. ‘जुन्या कामातील एक एफएमईए नव्या पद्धतीने पुन्हा मांडून पाहिला’ एवढे खरे वाक्य असेल, तर मी फोन उचलतो. हे रेझ्युमेतच हवे. खरे सांगायचे तर कव्हर लेटर मी वाचत नाही.

जुना_भरतीवाला

मायक्रोमीटर वाचत नसतील, परंतु त्यांच्यापर्यंत रेझ्युमे पोहोचू द्यायचा की नाही, हे ठरवणारा वाचतो. विराम असलेल्या अर्जात तर मी आधी पत्रच उघडत असे. त्यामुळे पत्र वगळण्याचा सल्ला मी देणार नाही.

मायक्रोमीटर

आपल्या वेळी तसे असेल. आता पोर्टलवरून आलेल्या अर्जांत पत्राची फाइल जोडलेली असली, तरी ती आमच्यापर्यंत येतेच असे नाही. दोन्हीकडे लिहावे, पण महत्त्वाचे ते रेझ्युमेत, एवढाच माझा आग्रह आहे.

गोदाकाठची

मायक्रोमीटर सर, आपण लिहिलेले वाचून थोडी धास्ती वाटली, कारण मी आरपीएनवरच काम केले आहे. नवी पुस्तिका गेल्या दोन महिन्यांत वाचली, पण कारखान्यात वापरलेली नाही. आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. 2023 मध्ये माझ्या भावाच्या सातपूरच्या वर्कशॉपमध्ये ग्राहकाची तपासणी येणार होती. तेव्हा मी सुमारे दहा आठवडे, दुपारी सासूबाई घरी असताना तीन-तीन तास जाऊन, त्यांच्या दोन भागांचे कंट्रोल प्लॅन आणि आवक मालाच्या तपासणीचे तक्ते तयार करून दिले. मोजमापाची साधने कॅलिब्रेशनला गेलीच नव्हती, ती यादी करून पाठवली. पैसे घेतले नाहीत. भावाचेच काम, त्यात काय लिहायचे, म्हणून मसुद्यात घातले नाही.

सिन्नरफाटा

हेच तर मी म्हणत होतो! हे सल्लागाराचेच काम झाले. भावाकडून मागच्या तारखांचे अनुभवपत्र घ्यावे आणि चारही वर्षे भरून काढावीत.

जुना_भरतीवाला

दहा आठवड्यांची चार वर्षे करू नका. पण ते दहा आठवडे गाळूही नका. जे झाले ते झाले तसे लिहावे : केव्हा, किती काळ, काय तयार केले, आणि ते विनामोबदला होते. ‘विनामोबदला’ हा शब्द कमीपणा आणतो असे वाटेल, पण तोच आपले संरक्षण करतो, कारण मग बिल किंवा करकपातीची नोंद कुणी मागत नाही. नातेवाइकाचा उद्योग आहे हे रेझ्युमेत लिहिण्याची गरज नाही, मात्र कुणी संदर्भासाठी फोन नंबर मागितला तर नाते तिथेच सांगावे.

मायक्रोमीटर

आणि ते तक्ते वापरात आहेत का, हे भावाला विचारून ठेवा. ‘तयार केले’ आणि ‘आजही वापरले जातात’ यांत माझ्या दृष्टीने मोठे अंतर आहे. नवी पुस्तिका कारखान्यात वापरली नाही, हेही लपवू नका. मुलाखतीत तिसऱ्या प्रश्नाला ते उघड होतेच. आमचेच काही ग्राहक अजून आरपीएन मागतात, त्यामुळे जुनी पद्धत येणे हा दोष नाही.

शांत_दुपार

मला थोडे वेगळे विचारायचे आहे. माझा चौदा महिन्यांचा खंड मानसिक आजारामुळे पडला. आता मी कामाला सक्षम आहे, औषधे मात्र चालू आहेत. ‘आरोग्याच्या कारणाने घेतलेला विराम, आता पूर्ण बरा’ असे लिहावे, असे एका ओळखीच्यांनी सुचवले. औषधे चालू असताना ‘पूर्ण बरा’ लिहिणे मला पटत नाही.

जुना_भरतीवाला

आपल्याला पटत नाही ते योग्यच आहे. आजाराचे नाव रेझ्युमेत किंवा पत्रात लिहिण्याची आवश्यकता नाही. ‘आरोग्याच्या कारणासाठी विराम, सध्या पूर्णवेळ कामासाठी उपलब्ध’ एवढे खरे आहे आणि पुरेसे आहे. नोकरीपूर्व वैद्यकीय तपासणीच्या अर्जात औषधांबद्दल थेट प्रश्न असेल, तर तिथे मात्र खरेच उत्तर द्यावे.

पंचवटी_आत्या

मी तीन वर्षांच्या खंडानंतर हिशेब विभागात परतले. कागदावर कितीही सुंदर लिहा, मुलाखतीत मला पहिला प्रश्न ‘मुलाला कोण सांभाळणार?’ हाच आला. कंपनीचे नाव सांगत नाही. म्हणून मी पुढच्या अर्जात आधीच लिहून टाकले की सासूबाई घरी असतात आणि मुलाची सोय आहे. तिथे निवड झाली. मुली, तूही लिहून टाक.

जुना_भरतीवाला

आत्या, आपल्याला त्याचा उपयोग झाला असेल, पण मी तसे लिहायला सांगणार नाही. पुरुष उमेदवाराच्या पत्रात मुलाच्या सोयीचे वाक्य मी बावीस वर्षांत एकदाही पाहिले नाही. आपण होऊन लिहिले, की तो भरतीचा निकष असल्याचे आपणच मान्य करतो. ‘यापुढे विराम घेणार नाही’ असे वचनही देऊ नये. ते कुणाच्याच हातात नसते.

पंचवटी_आत्या

निकष नाही हे तुम्हाला ठाऊक, समोर बसलेल्याला ठाऊक असते का? सिन्नरची बस सकाळी साडेसहाला निघते, तेव्हा हा प्रश्न त्यांच्या मनात असतोच. मनात ठेवून नाकारण्यापेक्षा कागदावर उत्तर मिळालेले बरे, असे माझे मत अजूनही आहे.

मायक्रोमीटर

मध्यममार्ग सुचवतो. घरच्या व्यवस्थेबद्दल काहीही न लिहिता कामाच्या वेळेबद्दल लिहावे : ‘सर्वसाधारण आणि पहिल्या पाळीसाठी उपलब्ध’, किंवा जे खरे असेल ते. मला खरोखर जाणून घ्यायचे असते ते एवढेच.

गोदाकाठची

सर्वांच्या सूचना वाचून दोन दिवसांत पुन्हा लिहिले. सेवेचा तपशीलही पाहिला. कार्यमुक्ती पत्रावर 27 नोव्हेंबर 2020 आहे आणि निर्वाह निधीच्या नोंदीत 31 ऑक्टोबर. जुन्या कंपनीच्या कार्यालयात काल जाऊन आले, घोषणापत्राचा अर्ज दिला आहे.

रेझ्युमेतील नोंदी, अलीकडची आधी :

‘डिसेंबर 2020 ते आजपर्यंत – कुटुंबातील रुग्णाच्या शुश्रूषेसाठी कामातून विराम. या काळात : सातपूर येथील एका यंत्रकाम उद्योगासाठी दोन भागांचे कंट्रोल प्लॅन व आवक तपासणीचे तक्ते तयार केले (2023, सुमारे दहा आठवडे, विनामोबदला); तक्ते आजही वापरात आहेत. एआयएजी-व्हीडीए एफएमईए पुस्तिकेचा स्वतः अभ्यास. एका कंसाच्या भागाचा आरपीएनवर आधारित सरावाचा एफएमईए नव्या पद्धतीने पुन्हा मांडला.

जून 2013 ते नोव्हेंबर 2020 – गुणवत्ता अभियंता, अंबड.’ (पुढे कामाचा तपशील.)

कव्हर लेटरचा पहिला परिच्छेद आता पदाबद्दल आणि साडेसात वर्षांच्या कामाबद्दल आहे. विराम दुसऱ्या परिच्छेदात येतो :

‘नोव्हेंबर 2020 मध्ये कुटुंबातील ज्येष्ठ व्यक्तीच्या दीर्घ आजारपणात त्यांची काळजी घेण्यासाठी मी नोकरी सोडली. ती जबाबदारी आता संपली असून मी पूर्णवेळ, सर्वसाधारण व पहिल्या पाळीसाठी उपलब्ध आहे. माझा प्रत्यक्ष अनुभव आरपीएन पद्धतीचा आहे. कृतीच्या अग्रक्रमाची पद्धत मी अभ्यासली आहे, परंतु उत्पादन चालू असलेल्या ठिकाणी अद्याप वापरलेली नाही.’

शेवटचे वाक्य ठेवावे की काढावे, यावर अजून मनाचा निर्णय होत नाही. मिस्टर म्हणतात, आपल्याच तोंडाने उणे का सांगायचे?

जुना_भरतीवाला

पत्रातून काढावे, असे मला वाटते. पत्र मी वाचतो, आणि मला ते वाक्य कळणारच नाही. ‘वापरलेली नाही’ एवढेच लक्षात राहील. रेझ्युमेत ‘स्वतः अभ्यास’ आणि ‘सराव’ हे शब्द आहेत, त्यात सत्य पुरेसे आले.

मायक्रोमीटर

मी ठेवले असते. हे वाक्य लिहिणाऱ्या माणसाच्या तपासणी अहवालावर मी विश्वास ठेवतो. पण पत्र मी वाचत नाही हे आधीच कबूल केले आहे, तेव्हा माझ्या मताला इथे किती वजन द्यायचे ते आपण ठरवावे. दुसरी बारीक गोष्ट : ‘कंसाच्या भागाचा’ म्हणजे नेमका कोणता भाग, तेही लिहा. आणि जुन्या कंपनीचा प्रत्यक्ष एफएमईए घरी आणून वापरला असेल, तर तो त्यांचा गोपनीय दस्तऐवज आहे. तसे नसावे, अशी आशा करतो.

गोदाकाठची

नाही सर, भावाच्याच भागाचे चित्र घेतले होते आणि त्याला विचारूनच. भागाचे नाव रेझ्युमेत घालते. पत्रातले ते वाक्य आज रात्री पुन्हा एकदा वाचून पाहीन. सोमवारी सिन्नरचा एक अर्ज जाणार आहे, तोवर ठरवावेच लागेल.